फिनॉल्फ्थॅलिनचा रंग मधल्या एका कार्बनवर का अवलंबून असतो

प्रश्न: "संयुग्मन वाढलं की शोषण जास्त तरंगलांबीकडे सरकतं, असं शिकवलंय. ब्यूटाडाइईनपर्यंत पटतं. पण फिनॉल्फ्थॅलिनमध्ये तीन बेंझीन वलयं आधीपासूनच आहेत, तरी ते आम्लात रंगहीन कसं? आम्लारीचा एक थेंब टाकल्यावर नवीन वलय तर येत नाही, मग गुलाबी कुठून होतं? आणि मिथिल ऑरेंज उलटं आम्लातच लाल का होतं? रंजकांनाही हाच नियम लागतो का?"

उत्तर:

तुम्ही द्विबंध मोजताय, आणि अडचण तिथेच आहे. रेणूत एकूण द्विबंध किती, यावर रंग ठरत नाही. ते एकमेकांशी न तुटता जोडलेले आहेत का, आणि त्या सलग वाटेवर इलेक्ट्रॉन किती सारखे वाटले गेलेत, या दोन गोष्टींवर तो ठरतो. मी बरीच वर्षं रंजकांचे वर्णपट काढण्यात घालवली आहेत. नवीन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी याच जागी अडते, कारण पाठ्यपुस्तकात पहिली गोष्ट ठळक असते आणि दुसरीचा उल्लेखही नसतो. तुमच्या चारही शंका या दोन गोष्टींनी सुटतात. त्यातही फिनॉल्फ्थॅलिन नीट समजलं की बाकीचं आपोआप जागेवर येतं, म्हणून बराचसा वेळ त्यालाच देतो.

आधी उपकरण नेमकं काय मोजतं ते पाहू. प्रकाश शोषला जातो तेव्हा भरलेल्या सर्वांत वरच्या ऑर्बिटलमधला इलेक्ट्रॉन रिकाम्या सर्वांत खालच्या ऑर्बिटलमध्ये जातो. पहिल्याला होमो म्हणतात, दुसऱ्याला लुमो. या दोघांमधलं ऊर्जेचं अंतर जितकं कमी, तितकी शोषलेल्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त. हिशोब तोंडी करता येतो: १,२०,००० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की एका मोलसाठी लागणारे किलोज्यूल मिळतात. डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, म्हणजे ३०० ते १७० किलोज्यूलचा. रेणूतलं हे अंतर ३०० च्या वर असेल तर तो अतिनील किरण शोषतो आणि आपल्याला रंगहीन दिसतो. "रंगहीन" या शब्दाचा अर्थ शोषण होत नाही असा नाही. ते आपल्या डोळ्यांच्या हद्दीबाहेर होतं, एवढाच.

एथीनचं शोषण १७० नॅनोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे अंतर जवळपास ७०० किलोज्यूल. ब्यूटाडाइईनचं २१७ ला, म्हणजे ५५०. हे अंतर कमी होण्याचं कारण कागदावर काढून पाहा. एथीनचे दोन तुकडे शेजारी आणले की त्यांचे दोन भरलेले पाय ऑर्बिटल एकमेकांत मिसळतात. त्यातून दोन नवे ऑर्बिटल होतात, एक खाली जातो आणि एक वर. रिकाम्या दोघांचंही तसंच होतं. भरलेल्यांपैकी वर गेलेला आता होमो झाला आणि रिकाम्यांपैकी खाली आलेला लुमो झाला. म्हणजे जमीन वर उचलली गेली आणि छत खाली आलं. अंतर दोन्हीकडून कमी झालं.

पण हे मिसळणं व्हायला दोन द्विबंधांच्या मध्ये फक्त एकच एकबंध हवा. मध्ये एक साधा संतृप्त कार्बन आला, म्हणजे चारही बाजूंनी एकबंध असलेला, तर त्याच्याकडे या कामासाठी मोकळा पी ऑर्बिटल उरलेलाच नसतो आणि वाट तिथे तुटते. १,४-पेंटाडाइईनमध्ये द्विबंध दोन आहेत, ब्यूटाडाइईनमध्येही दोनच. तरी पेंटाडाइईनचं शोषण एथीनच्या जवळपासच राहतं. दोन स्वतंत्र एथीन एका दोरीला बांधल्यासारखी त्याची अवस्था असते, त्यामुळे शोषणाची तीव्रता वाढते पण जागा फारशी हलत नाही. हा एकटा संतृप्त कार्बन लक्षात ठेवा, फिनॉल्फ्थॅलिनमध्ये तोच पुन्हा भेटणार आहे.

आता दुसरी गोष्ट, जी सहसा सांगितली जात नाही. साखळी लांबवत नेली की फायदा दर पायरीला घटत जातो. एथीनपासून ब्यूटाडाइईनपर्यंत अंतर १५० किलोज्यूलने उतरलं, तर तीन द्विबंधांच्या हेक्साट्राइईनपर्यंत (साधारण २५८ नॅनोमीटर) आणखी ९० नेच. बीटा-कॅरोटीनमध्ये तब्बल ११ द्विबंध ओळीत आहेत, म्हणजे २२ कार्बनची वाट, आणि तरी त्याचं मुख्य शोषण ४५० च्या आसपासच थांबतं. तेवढ्याने निळा प्रकाश शोषला जातो आणि पदार्थ नारिंगी दिसतो. साखळी आणखी लांब केली तरी शोषण हव्या तितक्या पुढे नेता येत नाही.

असं का होतं? अशा साखळीत खरे द्विबंध आणि खरे एकबंध आलटूनपालटून असतात. द्विबंध आखूड, एकबंध थोडे लांब. म्हणजे इलेक्ट्रॉन वाटभर पसरलेले असले तरी द्विबंधांच्या जागी त्यांची गर्दी जास्त असते. हा चढउतार इलेक्ट्रॉनांच्या वाटेत गतिरोधकांसारखा येतो, आणि साखळी कितीही लांबवली तरी होमो-लुमोमधलं काही अंतर शिल्लकच राहतं. याउलट सगळे बंध सारख्याच लांबीचे असतील, म्हणजे प्रत्येकजण दीड-दीड बंधासारखा असेल, तर तो शिल्लक अडथळा जातो. सायानिन नावाच्या रंजकांत असंच असतं. त्यांच्या दोन टोकांना दोन नायट्रोजन असतात आणि एक धनभार दोघांत अगदी सारखा वाटलेला असतो. सायानिनच्या वाटेत दोन कार्बनचा एक तुकडा वाढवला की शोषण दर वेळी साधारण १०० नॅनोमीटरने पुढे जातं, आणि ही पावलं बराच काळ लहान होत नाहीत. कॅरोटीनसारखी साखळी आणि सायानिन यांच्यातला हा फरक रंगाच्या रसायनशास्त्रात मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दर्शकांचा खुलासा त्याशिवाय होतच नाही.

लायकोपीनमध्येही ओळीत ११ च द्विबंध आहेत, पण त्याचं शोषण बीटा-कॅरोटीनपेक्षा सुमारे २० नॅनोमीटर पुढे, ४७० च्या थोडं वर असतं. बीटा-कॅरोटीनमधले टोकाचे दोन द्विबंध वलयांत अडकलेले असतात, आणि वलयावरच्या मिथिल गटांच्या अडचणीमुळे ते बाकीच्या साखळीच्या प्रतलातून पिळले जातात. पी ऑर्बिटल समांतर राहिले नाहीत की मिसळणं कमी होतं. कागदावर द्विबंध जोडलेले दिसत असले तरी रेणूत ते अर्धवटच जोडलेले असतात. म्हणून नुसत्या मोजणीवर मी कधीच विसंबत नाही. पाठ्यपुस्तकातले वुडवर्डचे नियमही, ज्यांत प्रत्येक वाढीव द्विबंधाला ३० नॅनोमीटर मिळवतात, तीन-चार द्विबंधांपर्यंतच चांगले चालतात. रंजकांना ते लावू नका.

आता फिनॉल्फ्थॅलिन. आम्लात त्याची रचना अशी असते: मध्ये एक कार्बन, त्याला दोन फिनॉल वलयं, एक तिसरं बेंझीन वलय आणि चौथ्या बाजूला एक ऑक्सिजन. हा ऑक्सिजन तिसऱ्या वलयावरच्या कार्बोनिल गटाशी जोडलेला असतो, त्यामुळे पाच सदस्यांचं एक लॅक्टोन वलय बंद झालेलं असतं. मधल्या कार्बनचे बंध मोजा: चार, आणि चारही एकबंध. हा तोच संतृप्त कार्बन आहे. तीन वलयं एका कार्बनला चिकटलेली असली तरी त्यांच्यातली वाट तिथेच तुटलेली आहे. म्हणून हा रेणू सुट्या फिनॉलांसारखा वागतो, त्याचं शोषण २७५ नॅनोमीटरच्या आसपास असतं आणि डोळ्याला तो रंगहीन दिसतो. तुम्ही "तीन वलयं आधीपासूनच आहेत" म्हणालात ते खरं, पण ती एकमेकांना अनोळखी आहेत.

आम्लारी टाकल्यावर फिनॉलच्या हायड्रॉक्सिल गटांतले प्रोटॉन निघून जातात. ऋणभार आलेला ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉनांची जोडी वलयात ढकलतो. ती ढकल वलयातून समोरच्या टोकाला, म्हणजे मधल्या कार्बनपर्यंत पोहोचते. तिथे नवा द्विबंध होऊ लागतो, आणि जागा करून देण्यासाठी लॅक्टोनचा कार्बन-ऑक्सिजन बंध तुटतो. तो ऑक्सिजन कार्बोक्सिलेट होऊन बाजूला होतो. मधला कार्बन आता सपाट झाला, त्याच्याकडे पी ऑर्बिटल आला आणि वाट सुरू झाली. एक फिनॉल वलय क्विनोनसारखं होतं, दुसरं फिनोलेट राहतं. पण कोणतं क्विनोन आणि कोणतं फिनोलेट हे सांगता येत नाही, कारण दोन्ही वलयं हुबेहूब सारखी आहेत आणि ऋणभार दोन टोकांच्या दोन ऑक्सिजनांमध्ये समसमान वाटलेला आहे.

ही वाट आता मोजा. एका टोकाचा ऑक्सिजन, वलयातून समोर जाणारे चार कार्बन, मधला कार्बन, दुसऱ्या वलयातले चार कार्बन आणि दुसरा ऑक्सिजन, असे एकूण ११ अणू. बीटा-कॅरोटीनला २२ कार्बन लावून ४५० गाठता आलं. फिनॉल्फ्थॅलिनच्या गुलाबी रूपाचं शोषण त्याच्या निम्म्या वाटेत ५५३ नॅनोमीटरला जातं, म्हणजे अंतर २१७ किलोज्यूलवर येतं. नुसत्या लांबीने याचा खुलासा होत नाही. भार दोन टोकांत सारखा वाटला गेल्यामुळे बंधांची आलटापालट जवळपास पुसली गेली आणि रेणू सायानिनसारखा वागू लागला, हेच त्यामागचं खरं कारण आहे. ५५३ ला हिरवा प्रकाश शोषला जातो, लाल आणि निळा-जांभळा पार होतो, आणि दोघांचं मिश्रण आपल्याला गुलाबी दिसतं. तिसरं वलय, ज्यावर कार्बोक्सिलेट आहे, ते प्रतलाबाहेर वळलेलं असतं आणि रंगात त्याचा वाटा फारच थोडा असतो. म्हणजे तीनपैकी दोनच वलयं कामाची, आणि तीही मधला कार्बन सपाट असेल तोवरच.

प्रोटॉन गेल्याने शोषण पुढे सरकतं हे फक्त दर्शकांत होतं असं नाही, कुठल्याही फिनॉलमध्ये होतं. साध्या फिनॉलचं शोषण २७० नॅनोमीटरला असतं. त्याला आम्लारीत नेलं की फिनॉक्साइड होतं आणि शोषण २८७ ला जातं. ऑक्सिजनवरची जोडी आधी प्रोटॉनला बांधलेली होती, ती मोकळी झाली आणि वलयात जास्त सहज शिरू लागली. पण २७० काय आणि २८७ काय, दोन्ही अतिनीलमध्येच. डोळ्याला काहीच दिसत नाही, म्हणून फिनॉलला कुणी दर्शक म्हणत नाही. उपकरणाच्या दृष्टीने मात्र तोही दर्शकच आहे. आता याच फिनॉलला हायड्रॉक्सिलच्या बरोबर समोर नायट्रो गट लावा. एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा, दुसऱ्या टोकाला ओढून घेणारा. या पॅरा-नायट्रोफिनॉलचं शोषण आम्लात ३१७ आणि आम्लारीत ४०० नॅनोमीटर. सरकणं तेच, पण आता ते दृश्य हद्दीच्या उंबरठ्यावर झालं, म्हणून द्रावण पिवळं दिसतं. चांगला दर्शक बनवायचा म्हणजे हे सरकणं डोळ्याच्या हद्दीत आणून बसवायचं.

तुमच्या महाविद्यालयात स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर पॅरा-नायट्रोफिनॉल स्वतः करून पाहा. सगळ्या विषयाची चव त्या एका आलेखात मिळते. लिटरमागे साधारण ७ मिलिग्रॅम, म्हणजे ५ × १०⁻⁵ मोलर द्रावण घ्या. पदार्थ विषारी आहे, हातमोजे घाला. तेच द्रावण तीन वेगवेगळ्या बफरमध्ये करा: पीएच ४, पीएच १० आणि मधलं ७.१५. सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये २५० ते ५०० नॅनोमीटरपर्यंत तिन्हींचे वर्णपट एकाच आलेखावर काढा. पीएच १० ला ४०० नॅनोमीटरवर शोषणांक ०.९ च्या जवळ येईल. पीएच ४ ला तिथे जवळपास शून्य असेल आणि शिखर ३१७ ला, साधारण ०.५ उंचीचं. मधल्या द्रावणात ४०० चं शिखर जवळपास निम्म्यावर, ०.४५ च्या आसपास दिसेल, कारण या पदार्थाचा पीकेए ७.१५ च्या जवळ आहे आणि तिथे निम्मे रेणू एका रूपात व निम्मे दुसऱ्या रूपात असतात.

या आलेखात दोन गोष्टी बघा. पहिली, मधल्या पीएचला शिखर ३१७ आणि ४०० च्या मध्ये कुठेतरी येत नाही. दोन्ही शिखरं आपापल्या जागी राहतात, एक बुटकं होतं आणि दुसरं उंच. शोषण हळूहळू सरकत नाही. दोन वेगळे रेणू आहेत आणि त्यांचं प्रमाण बदलतंय. दुसरी, ३४८ च्या आसपास तिन्ही रेषा एकाच बिंदूत छेदतात. त्या बिंदूला आयसोबेस्टिक बिंदू म्हणतात. द्रावणात फक्त दोनच रूपं आहेत, तिसरं काही तयार झालेलं नाही, याची ती चांगली खूण आहे. रेषा तिथे एकत्र येत नसतील तर मी आधी द्रावणांची तीव्रता सारखी आहे का ते तपासतो. दहातल्या नऊ वेळा पिपेटची चूक निघते. आकडे तंतोतंत जुळले नाहीत तर घाबरू नका. द्रावक, क्षारांचं प्रमाण आणि तापमान यांनी शिखर काही नॅनोमीटर इकडेतिकडे होतंच.

आता मिथिल ऑरेंज. आम्लात पुढे सरकायचं की आम्लारीत, याचा सर्वसाधारण नियम नाही. प्रोटॉन कुठे बसतो यावर ते ठरतं. ॲनिलिन घ्या. त्याचं शोषण २८० नॅनोमीटरला असतं. आम्लात प्रोटॉन नायट्रोजनवर बसतो, त्याची मोकळी जोडी अडकून पडते, आणि शोषण २५४ ला, म्हणजे बेंझीनच्या जागी परत जातं. नायट्रोजन तिथे असूनही वलयाच्या दृष्टीने नसल्यासारखाच होतो. फिनॉलच्या अगदी उलट चित्र.

मग मिथिल ऑरेंजमध्येही डायमिथिलॲमिनो नायट्रोजनवर प्रोटॉन बसून शोषण मागे जायला हवं होतं, असं वाटणं साहजिक आहे, आणि कित्येक उत्तरपत्रिकांत तसंच लिहिलेलं असतं. पण दर्शक म्हणून रंग बदलतो त्या टप्प्यात, पीएच ४.४ पासून ३.१ पर्यंत, प्रोटॉन तिथे बसत नाही. तो दोन वलयांच्या मधल्या ॲझो गटावर बसतो, सल्फोनेट असलेल्या वलयाकडच्या नायट्रोजनवर. तिथे धनभार आल्याबरोबर समोरच्या टोकाचा डायमिथिलॲमिनो नायट्रोजन आपली जोडी वाटेत सोडतो आणि तो भार दोन नायट्रोजनांत वाटला जातो. हे वर्णन ओळखीचं वाटतंय ना? दोन टोकांना नायट्रोजन, मध्ये वाट, भार वाटून घेतलेला: पुन्हा सायानिनचीच रचना. म्हणून शोषण ४६४ वरून ५०० च्या थोडं पुढे जातं आणि पिवळा लाल होतो. नवीन द्विबंध इथेही आला नाही आणि वाटही लांबली नाही. आहे त्याच वाटेवर इलेक्ट्रॉन जास्त सारखे पसरले. फिनॉल्फ्थॅलिनमध्ये तुटलेली वाट जोडली गेली आणि भारही वाटला गेला, म्हणून ते शून्यातून रंग दाखवतं. मिथिल ऑरेंजमध्ये वाट आधीच सुरू होती, म्हणून ते एका रंगातून दुसऱ्या रंगात जातं.

रंजकांना हेच लागू होतं का, या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर क्रिस्टल व्हायोलेट देतं. फिनॉल्फ्थॅलिनचा सांगाडा डोळ्यासमोर ठेवा: मध्ये कार्बन, भोवती तीन वलयं. हायड्रॉक्सिलच्या जागी प्रत्येक वलयावर डायमिथिलॲमिनो गट लावा आणि लॅक्टोन काढून टाका. मधला कार्बन कायम सपाट, धनभार तीन नायट्रोजनांत वाटलेला, शोषण ५९० नॅनोमीटरच्या आसपास, रंग गडद जांभळा. हे दर्शक नसून रंजक आहे, पण ते फक्त नेहमीच्या पीएचला वाट तुटत नाही म्हणून. तीव्र आम्लाचे थेंब टाकत गेलात तर हा रंजक दर्शकच होतो. आधी तो हिरवा होतो, मग पिवळा. एका नायट्रोजनवर प्रोटॉन बसला की त्याची जोडी अडकते आणि कामाचे दोनच नायट्रोजन उरतात. दोन नायट्रोजनांचा असाच रंजक वेगळा मिळतो, त्याचं नाव मॅलॅकाइट ग्रीन, आणि तोही हिरवाच असतो. दुसराही नायट्रोजन अडकला की वाटून घ्यायला जोडीदार राहत नाही, शोषण बरंच मागे जातं आणि द्रावण पिवळं पडतं. तुम्हाला हवा असलेला दुवा हाच आहे. वाटेच्या टोकाची जोडी मोकळी आहे की अडकलेली, आणि मधला कार्बन सपाट आहे की नाही, हे प्रत्येक रूपाला विचारलं की रंगाची दिशा आधीच सांगता येते.

नीळही याच चष्म्यातून पाहता येते. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून रंगारी तिचं क्षपण करतात. मधला कार्बन-कार्बन द्विबंध आणि त्याच्या दोन बाजूंचे कार्बोनिल यांची मांडणी बदलते, निळा रंग जातो आणि फिकट पिवळसर, आम्लारीत विरघळणारं रूप मिळतं. कापड बाहेर काढून हवेत धरलं की ऑक्सिजनने मूळ मांडणी परत येते आणि धाग्यात निळा रंग अडकून बसतो. तिथे प्रोटॉनऐवजी इलेक्ट्रॉनांची देवघेव रंग चालू-बंद करते.

शेवटी प्रयोगशाळेतली एक गोष्ट, कारण हा सगळा विचार तिथे कामाला येतो. एकदा एका विद्यार्थ्याने फ्लास्कमध्ये बरंच तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड घेतलं, फिनॉल्फ्थॅलिन टाकलं आणि ब्युरेटमध्ये आम्ल भरायला गेला. परत येईपर्यंत गुलाबी रंग बराच फिका झाला होता. दर्शक खराब आहे असं समजून त्याने ती बाटली टाकून दिली. दर्शक उत्तम होता. तीव्र आम्लारीत हायड्रॉक्साइड आयन थेट मधल्या कार्बनवर येऊन बसतो. तो कार्बन पुन्हा चार एकबंधांचा होतो, वाट पुन्हा तुटते आणि रंग जातो. हे सावकाश घडतं. ०.३ मोलरच्या आसपास काही मिनिटांत डोळ्याला कळतं, त्याहून तीव्र असेल तर लवकर. क्रिस्टल व्हायोलेटचा रंगही हायड्रॉक्साइडमध्ये याच कारणाने उडतो, आणि म्हणूनच दोन्ही अभिक्रिया वेग मोजण्याच्या प्रयोगात वापरतात.

पण अनुमापनाच्या शेवटी आलेला फिकट गुलाबीही उभ्या उभ्या जातो, आणि त्याचं कारण अगदी वेगळं असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पीएच ८.२ च्या खाली येतो आणि लॅक्टोन पुन्हा बंद होतो. दोन्ही वेळी दिसतं ते एकच, रंगहीन द्रावण. ओळखायचं कसं? थोडं द्रावण परीक्षानळीत काढून घ्या आणि सौम्य आम्लारीचा एक थेंब टाका. गुलाबी परत आला तर कार्बन डायऑक्साइडचं काम होतं. आला नाही तर दुसऱ्या नळीत सौम्य आम्ल थेंबाथेंबाने घालत हलवत राहा. तीव्र आम्लारीने रंग घालवला असेल तर पीएच खाली येताना मधल्या कार्बनवरचा हायड्रॉक्साइड सुटतो आणि द्रावण आम्लाने गुलाबी होतं. ते पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. थेंब घालत राहिलात तर तोही रंग जातो आणि लॅक्टोन पुन्हा बंद झालेलं असतं. त्यामुळे तीव्र आम्लारीचं अनुमापन करताना फिनॉल्फ्थॅलिन सुरुवातीला टाकून ठेवू नका. नमुना आधी पुरेसा पातळ करा, आणि दर्शक अगदी आम्ल सोडायच्या क्षणी घाला.